तारीख उलटलेली अंडी: पाण्यात बुडालं, उभं राहिलं, तरंगलं, म्हणजे नक्की काय?

ओवी

कार्टनवरची 'बेस्ट बिफोर' तारीख उलटून १६ दिवस झालेत. अंडी आणल्यापासून फ्रीजमध्येच आहेत, दारात नाही, आतल्या कप्प्यात. ११ शिल्लक आहेत. खोल भांड्यात साधं नळाचं पाणी घेऊन एकेक सोडून पाहिलं. तीन तळाशी आडवी पडली, सहा तळाला टेकून उभी राहिली आणि दोन चक्क वर आली.

"बुडालं तर खा, तरंगलं तर फेका" एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. मग उभ्या राहिलेल्या सहांचं काय करायचं? आणि एकाच कार्टनमधल्या, एकाच तारखेच्या अंड्यांत एवढा फरक का पडावा? परीक्षा चुकते आहे की तारीख?

---

गोटीराम

सोपं आहे. अंडं आतून सडायला लागलं की वायू तयार होतो. थोडा झाला की अंडं उभं राहतं, जास्त झाला की वर येतं. म्हणजे तुमची सहा अर्धवट बिघडलेली आणि दोन पूर्ण. सहा आजच उकडून संपवा, दोन फेका. परीक्षाही बरोबर आणि तारीखही बरोबर.

---

दीडशहाणा

गोटीराम, वायू तयार झाला म्हणून अंडं हलकं कसं होईल? कवच काही फुगत नाही, त्यामुळे बाहेरचं आकारमान तेवढंच राहतं. आतल्या पदार्थातूनच वायू निघाला आणि आतच राहिला तर वजनही तेवढंच. सोड्याची बंद बाटली घ्या. वायू पाण्यात विरघळलेला असो की वर जमलेला असो, काटा एकच आकडा दाखवणार.

अंडं तरंगायचं तर त्याच्यातून काहीतरी बाहेर जायला हवं, आणि जे जातं ते मुख्यतः पाणी.

---

कोंबडनामा

दीडशहाणा बरोबर बोलताहेत. अंड्यांची प्रतवारी हा माझा रोजचा विषय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. आतल्या पिल्लाला श्वास घेता यावा म्हणून ती असतात, पण खायच्या अंड्यातही ती उघडीच राहतात. कोंबडीनं अंडं घातलं की ते गरम असतं, निवताना आतला द्रव आकसतो आणि रुंद टोकाकडे, कवचाच्या आतल्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये, हवेची छोटी पोकळी तयार होते. तिथून पुढे रोज थोडं पाणी वाफ होऊन छिद्रांतून बाहेर जातं आणि तेवढीच हवा आत येते. पोकळी वाढत जाते. हे निरोगी, निर्दोष अंड्यातही होतं. सडण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

आता हिशेब करून पाहू. ताज्या अंड्याची घनता साधारण १.०८५ असते, म्हणजे पाण्यापेक्षा थोडी जास्त. ६० ग्रॅमचं अंडं धरा. त्याचं आकारमान ६० भागिले १.०८५, म्हणजे सुमारे ५५.३ मिली. हे आकारमान बदलत नाही. पाणी तेवढं ढकललं जाणार, म्हणजे अंड्याचं वजन ५५.३ ग्रॅमच्या खाली आलं की ते तरंगणार. थोडक्यात, ६० ग्रॅमच्या अंड्यातून ४.७ ग्रॅम पाणी उडालं की ते वर येतं. साधारण ८ टक्के घट.

तळाशी उभं राहणं ही त्याच्या अलीकडची पायरी. पोकळी रुंद टोकाला असल्यामुळे ते टोक हलकं होतं. आधी अंडं आडवं असतं, मग रुंद टोक थोडं उचलतं, मग तिरकं, मग टोकदार बाजूवर सरळ उभं. गोटीराम म्हणतात तसं ते 'अर्धवट बिघडलेलं' नाही. त्यातलं थोडं पाणी गेलं आहे, एवढंच यातून कळतं.

---

साखरझोप

माझ्याकडे उलटंच झालंय. काल आणलेली अंडी, तारखेला अजून तीन आठवडे आहेत, आणि बारापैकी दहा तरंगली! विकणाऱ्यानं जुना माल नव्या कार्टनमध्ये भरून दिला असणार. असं होतं का?

---

दीडशहाणा

साखरझोप, पाण्यात मीठ घातलं होतं का?

---

साखरझोप

हो, एका ठिकाणी "पाण्यात मीठ घालून पाहा" असं लिहिलं होतं. लिटरभर पाण्यात चांगलं मूठ-दीड मूठ घातलं. का?

---

कोंबडनामा

तेच कारण. लिटरभर पाण्यात १२० ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळलं की त्या पाण्याची घनता १.०७५ ते १.०८ च्या घरात जाते. दीड मूठ मीठ सहज तेवढं किंवा जास्त भरतं. ताज्या अंड्याचीही घनता तिथेच आहे. म्हणून तुमची कालची अंडी तरंगली. विकणाऱ्याला दोष देऊ नका, साध्या पाण्यात पुन्हा बघा.

मिठाच्या पाण्याची परीक्षा खोटी नाही, ती वेगळा प्रश्न विचारते. साध्या पाण्यात "हे फार जुनं आहे का" ते कळतं, मिठाच्या पाण्यात "हे अगदी ताजं आहे का" ते कळतं. फक्त मीठ मोजून घालावं लागतं आणि पूर्ण विरघळावं लागतं. अंदाजपंचे मूठ टाकून काहीच कळत नाही.

---

साखरझोप

साध्या पाण्यात सगळी आडवी पडली. दोन जराशी रुंद टोक उचलून आहेत. धन्यवाद, भांडायला निघाले होते.

---

ओवी

कोंबडनामा, हिशेब समजला. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच. एकाच कार्टनमध्ये तीन प्रकार कसे?

---

कोंबडनामा

त्याची दोन-तीन कारणं एकत्र येतात. सगळ्यात मोठं कारण कवच.

कवच जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं, आतल्या द्रवाच्या दुपटीहून जास्त जड. म्हणून कवच जाड असेल तर पूर्ण अंड्याची घनता वाढते आणि पातळ असेल तर कमी होते. कुक्कुटपालनात याचा उपयोगही करतात. घनता ठरवून केलेल्या मिठाच्या पाण्याच्या बादल्या ओळीनं मांडतात, १.०६० पासून १.१०० पर्यंत, आणि ताजी अंडी एकेका बादलीतून काढत नेतात. ज्या बादलीत अंडं वर येतं त्यावरून कवच किती मजबूत ते कळतं. सगळी अंडी त्याच दिवशीची असतात, तरी ती वेगवेगळ्या बादल्यांत तरंगतात.

आता हे तुमच्या भांड्यात आणा. जाड कवचाचं अंडं १.०९५ वर सुरू झालं तर त्याला तरंगायला जवळजवळ ९ टक्के वजन घालवावं लागेल. पातळ कवचाचं १.०७० वर सुरू झालं तर साडेसहा टक्क्यांतच ते वर येईल. वर पातळ कवचातून पाणी उडतंही लवकर. एकाच तारखेची दोन अंडी, एक आडवं आणि एक तरंगतं, यात अशक्य काही नाही. कोंबडी म्हातारी होत जाते तसं तिचं अंडं मोठं आणि कवच पातळ होत जातं, आणि कार्टन भरताना कोंबडीचं वय कोणी विचारत नाही.

दुसरं कारण बारीक तडा. डोळ्याला न दिसणारी केसासारखी भेग असेल तर पाणी किती तरी पटीनं लवकर उडतं. तुमच्या दोन तरंगणाऱ्यांवर मोबाईलचा टॉर्च लावून बघाच.

तिसरं म्हणजे कार्टनवरची तारीख. काही ठिकाणी ती अंडं घातल्या दिवसापासून मोजतात (युरोपीय संघात जास्तीत जास्त २८ दिवस), काही ठिकाणी पॅक केल्या दिवसापासून. पॅक होण्याआधी अंडं किती दिवस कुठे होतं ते तारखेत दिसत नाही.

---

दीडशहाणा

वेळेचा अंदाज देता येईल का? म्हणजे फ्रीजमध्ये ८ टक्के घटायला किती दिवस?

---

कोंबडनामा

अंदाजच देता येईल, कारण हवेतला ओलावा ठिकाणागणिक बदलतो. उबवणी यंत्रात ३७.५ अंशांवर अंडं १८ दिवसांत साधारण ११ ते १३ टक्के वजन गमावतं, म्हणजे दिवसाला ०.६ ते ०.७ टक्का. हा आकडा उबवणीवाले रोज तपासतात, त्यामुळे भरवशाचा आहे. पाणी किती वेगानं उडेल ते अंड्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकावर ठरतं. तोच हिशेब ४ अंशांच्या, मध्यम कोरड्या फ्रीजला लावला तर वेग यंत्राच्या साधारण सातव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे ८ टक्क्यांना तीनेक महिने. २८ अंशांच्या खोलीत तेच काम तीन ते चार आठवड्यांत होतं.

ओवींचं कार्टन बघा. समजा अंडी घातल्यापासून ४४ दिवस झाले आणि सगळा वेळ ती थंड होती. मग घट ४ टक्क्यांच्या आसपास यायला हवी. घनता १.०४ वगैरे. असं अंडं तिरकं किंवा उभं राहील, तरंगणार नाही. म्हणजे सहा उभी अगदी अपेक्षेप्रमाणे आहेत. तीन आडवी बहुधा जाड कवचाची. दोन तरंगणारी मात्र नुसत्या ४४ दिवसांच्या फ्रीजमुळे तरंगत नाहीत. एक तर कवच पातळ किंवा तडकलेलं आहे, नाहीतर ती फ्रीजमध्ये येण्याआधी बरेच दिवस उष्ण जागी होती.

हा दुसरा पर्याय खरा असेल तर जरा सावध व्हायला हवं. तरंगण्यात धोका नाही, पण ती उष्णता धोक्याची असू शकते.

---

अनघा_ताई

शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचं आहे, कारण वरच्या सगळ्या चर्चेत "खाल्लं तर काय होईल" हे बाजूला राहिलं.

अंड्यातून पोट बिघडतं ते बहुतेक वेळा साल्मोनेलामुळे. त्यातला एक प्रकार, साल्मोनेला एंटेरिटिडिस, कोंबडीच्या अंडाशयातून थेट अंड्याच्या आत येऊ शकतो. कवच तयार होण्याआधीच. असं अंडं ताजं असतं, तळाशी आडवं पडतं, वास येत नाही, रंग बदलत नाही. पाण्यातली परीक्षा त्याला पैकीच्या पैकी गुण देते. उलट नासलेल्या अंड्याचा घाण वास येतो तो वेगळ्या जिवाणूंमुळे, आणि ते अंडं फोडताक्षणी कोणीही फेकून देतो. म्हणजे जे खरं धोक्याचं, ते ना पाण्यात कळतं ना नाकाला.

काळाचा संबंध इथे येतो. पांढऱ्या भागात जिवाणूंना वाढू न देणारी प्रथिनं असतात, एक त्यांची भिंत फोडतं, दुसरं लोह धरून ठेवतं. बलकाभोवतीचं पातळ आवरण शाबूत असेपर्यंत आतलं अन्न त्यांच्या हाती लागत नाही. अंडं उष्ण जागी राहिलं की ते आवरण सैल पडतं, आणि मग वाढ झपाट्यानं होते. ४-५ अंशांवर साल्मोनेला जवळपास वाढतच नाही. म्हणून मी तारखेपेक्षा "सगळा वेळ थंड होतं का" हे विचारते.

तारीख उलटलेलं अंडं खायचं तर पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवा. अंडं घालून केलेला पदार्थ असेल तर मध्यभागी ७१ अंश. अर्धकच्चं, कच्चं, घरचं मेयोनीज यांत असं अंडं नको. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी असेल तर अजिबात नको.

---

गोटीराम

मग ही परीक्षा करायचीच कशाला? चांगलं अंडं ओळखत नाही, वाईट अंडं ओळखत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात ते उगीचच का?

---

कोंबडनामा

उगीच नाही. ती अंड्यातलं पाणी किती गेलं ते सांगते, आणि पाणी जाण्याबरोबर आणखी काही गोष्टी होतात.

अंड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तोही छिद्रांतून निघून जातो. ताज्या अंड्याचा पांढरा भाग किंचित धुरकट दिसतो तो त्याच्यामुळे. तो गेला की पांढऱ्याचा अल्कलीपणा वाढतो, त्यातला दाट थर विरघळल्यासारखा पातळ होतो, बलकाचं आवरण कमजोर होतं. म्हणून जुनं अंडं तव्यावर पसरतं, बलक चपटं बसतं आणि चटकन फुटतं. प्रतवारीत हेच मोजतात. अंडं सपाट काचेवर फोडून दाट पांढऱ्याची उंची मोजतात आणि वजनाशी ताडून हॉ एकक काढतात. रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये सुचवलेली ही पद्धत आजही चालते.

मग घरी याचा वापर असा. आडवं पडलेलं अंडं तव्यावर आकार धरेल. उभं राहिलेलं तसं धरणार नाही, पण उकडायला उत्तम, कारण पांढऱ्याचा अल्कलीपणा वाढला की ते आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं आणि सोलताना खड्डे पडत नाहीत. फेटून घालायचं असेल तरी काही फरक पडत नाही. आणि तरंगलेलं अंडं दुसऱ्या कशातही थेट फोडू नये, वेगळ्या वाटीत फोडावं. पाण्यातली परीक्षा तुम्हाला क्रम लावून देते, निकाल मात्र वाटीतच लागतो.

---

ओवी

वाटीत फोडल्यावर काय बघायचं? वास कळतो, पण बाकी काय वाईट आणि काय नुसतं जुनं हे कळत नाही.

---

कोंबडनामा

पसरट पांढरी वाटी घ्या, एका वेळी एकच अंडं. फोडल्याबरोबर नाक जवळ न्या. गंधकाचा वास अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, तिथे शंका राहत नाही. आंबूस किंवा मातकट वास आला तरी फेका.

मग रंग. पांढऱ्यात गुलाबी छटा, हिरवट चमक किंवा तेलासारखे इंद्रधनुषी रंग दिसले तर ते जिवाणूंचं काम, वास नसला तरी फेका. काळे किंवा हिरवे ठिपके कवचाच्या आतल्या बाजूला दिसले तर बुरशी, तेही फेका.

नुसतं जुनं म्हणजे पांढरं पाण्यासारखं पसरतं, बलक चपटं, फोडताना बलक फुटतं, रुंद टोकाकडे मोठी रिकामी जागा. यातलं काहीही एकटं असेल तर ते बिघडल्याचं लक्षण नाही. लाल रक्ताचा ठिपका तर ताज्या अंड्यातही असतो, त्याचा वयाशी संबंध नाही. पांढरं धुरकट असेल तर उलट ताजेपणाची खूण. बलकाला चिकटलेली पांढरी दोरी बघून पुष्कळ लोक घाबरतात, ती बलक मधोमध धरून ठेवते, ठळक दिसली तर चांगलंच.

---

खिडकीपाशी

माझाही प्रश्न याच संदर्भातला. अंडी उकडायला ठेवली, बारा मिनिटांनी बघते तर दोन वर आलेली. उकडलेली अंडी तरंगली तर ती खराब समजायची का? गेल्या सोमवारी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेलीही पाण्यात घालून बघू का?

---

दीडशहाणा

उकडलेल्यांना ही परीक्षा लागूच होत नाही. पातेल्यात वर आलेली दोन आधीच काठावर असणार. तापल्यावर पोकळीतली हवा प्रसरण पावून छिद्रांतून बाहेर पडते (रुंद टोकातून बुडबुडे दिसतात ते हेच), शिवाय कवचाला बुडबुडे चिकटतात, त्यामुळे जे कच्चं असताना उभं होतं ते उकळत्या पाण्यात वर येऊ शकतं.

---

अनघा_ताई

खिडकीपाशी, उकडलेली अंडी कच्च्यापेक्षा कमी टिकतात हे लक्षात ठेवा. उकडताना कवचावरचं संरक्षक आवरण जातं. फ्रीजमध्ये एक आठवडा, त्यापुढे नाही. सोमवारची आज खा, नाहीतर टाका. पाण्यात घालायची गरज नाही.

---

कोंबडनामा

पाण्यात घालण्यावरून एक महत्त्वाचं. ही परीक्षा केलेली अंडी परत कार्टनमध्ये ठेवायची नसतात. आज वापरायची तेवढीच पाण्यात घाला.

ओल्या कवचातून जिवाणू आत शिरतात, कोरड्यातून सहसा नाही. त्यात पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आणखी वाईट. अंडं गार होतं, आतलं आकसतं आणि बाहेरचं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं, पाण्यातले जिवाणूही त्याबरोबर. अंडी धुण्याच्या कारखान्यात म्हणूनच पाणी अंड्यापेक्षा किमान ११ अंश गरम ठेवतात. खोलीतलं अंडं फ्रीजच्या पाण्यात घालणं ही सगळ्यात वाईट रीत. फ्रीजमधलं अंडं नळाच्या पाण्यात घालणं ठीक. अंड्याच्या उंचीच्या दुप्पट तरी खोल पाणी घ्या, चमच्यानं हळूच सोडा, अर्धं मिनिट थांबा, कवचाला चिकटलेले बुडबुडे बोटानं झटका आणि मग बघा.

ओवी, तुमची अकराच्या अकरा ओली झाली आहेत. कोरडी पुसून घ्या आणि एक-दोन दिवसांत शिजवून टाका.

---

ओवी

अरे बापरे. बरं, आजच सगळी फोडते किंवा उकडते.

---

दीडशहाणा

पाण्याशिवाय तीच माहिती हवी असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च रुंद टोकाला घट्ट टेकवा. पोकळीची कड गोल रेषेसारखी दिसते. शिसपेन्सिलनं खूण करून टोकापासून खोली मोजता येते. पांढऱ्या कवचात स्पष्ट दिसतं, गडद तपकिरीत डोळे ताणावे लागतात.

---

कोंबडनामा

हो, यालाच कँडलिंग म्हणतात आणि प्रतवारी मूळची यावरच चालते. युरोपीय संघात 'ए' वर्गाला ६ मिमीपर्यंत पोकळी चालते, अमेरिकेत सगळ्यात वरच्या 'एए' वर्गाला साधारण ३ मिमी. शिवाय टॉर्चमध्ये तडे दिसतात, ते पाण्यात कधीच दिसत नाहीत. उलट कधी कधी तडकलेल्या अंड्यात पाणी शिरून ते बुडतं आणि 'चांगलं' ठरतं.

आणखी एका बाबतीत पाणी पूर्ण फसवतं. काही ठिकाणी अंड्यांवर खनिज तेलाचा पातळ थर देतात. छिद्रं बुजतात, पाणी उडत नाही. असं अंडं कित्येक आठवडे आडवंच पडतं. त्याचं पांढरंही जास्त दिवस दाट राहतं, म्हणजे थोडंफार ते खरंच तरुण असतं. पण आत काही आधीच शिरलेलं असेल तर तेल ते थांबवत नाही. चुन्याच्या निवळीत ठेवलेल्या अंड्यांचंही तसंच.

---

ओवी

निकाल देते. तरंगलेल्या दोनपैकी एकाला टॉर्चमध्ये टोकदार बाजूला केसभर भेग दिसली, ते न फोडता टाकलं. दुसरं वाटीत फोडलं. वास काहीच नाही, रंग नेहमीचा, पांढरं पाण्यासारखं, बलक चपटं पण अख्खं. सहा उभी उकडली, कवच एका झटक्यात निघालं. तीन आडव्यांचं ऑम्लेट, नीट शिजवून. आता ते एक तरंगलेलं वाटीत पडलंय. खायचं का?

---

अनघा_ताई

नाही. तुम्ही आणल्यापासूनचं सांगितलंत, आणण्याआधीचा इतिहास माहीत नाही. एका अंड्यासाठी कशाला?

---

दीडशहाणा

माझं मत वेगळं. वास, रंग ठीक, भेग नाही. ते बहुधा पातळ कवचाचं अंडं. घट्ट शिजवलं की साल्मोनेला मरतो, मग तो तरंगणाऱ्यात असो की आडव्यात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्लाही हाच आहे की तरंगणारं अंडं जुनं आहे पण सुरक्षित असू शकतं, फोडून बघा आणि ठरवा. फोडून बघितलं, ठीक आहे, मग का टाकायचं?

---

अनघा_ताई

शिजवून जिवाणू मरतात, पण तोवर ते अंडं फोडलेली वाटी, चमचा, ओटा यांवर जे लागतं ते शिजत नाही. शिवाय "घट्ट शिजवलं" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या ऑम्लेटचा मधला भाग ओला असतो. मी टाकायलाच सांगणार.

---

कोंबडनामा

दोघांचंही बरोबर. घर कोणाचं, खाणारे कोण, यावर ठरतं. मी एकटा असतो तर फेटून पूर्ण कोरडं होईपर्यंत परतून खाल्लं असतं. घरात लहान मूल असतं तर टाकलं असतं. वाटी मात्र दोन्ही वेळा साबणानं धुतली असती.

---

गोटीराम

वायूचं पटलं. पण एक अडतं. सडकी अंडी तरंगतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि फुटून पाणी उडालेलंही पाहिलंय.

---

दीडशहाणा

तरंगतात, कारण सडेपर्यंत बहुतेकांतून पाणी उडून गेलेलं असतं. शिवाय सडताना तयार झालेला वायू छिद्रांतून हळूहळू बाहेर पडतो, तो वजन घेऊनच जातो. तो आत कोंडला तर अंडं फुटतं, ते तुम्ही पाहिलंत. म्हणजे 'सडकं बहुधा तरंगतं' हे खरं. 'तरंगतं ते सडकं' हे त्यातून निघत नाही.

---

साखरझोप

माझ्यासारख्यांसाठी विचारते, आणल्या दिवशी वजन करून कवचावर लिहून ठेवलं तर पाण्याची भानगडच नको ना? काट्यावर घट दिसेल.

---

दीडशहाणा

कल्पना चांगली, पण स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या पायरीनं चालतो. ६० ग्रॅमच्या अंड्यात १ टक्का घट म्हणजे ०.६ ग्रॅम, ती दिसणारच नाही. पूर्ण डझन ट्रेसकट ठेवा. ७२० ग्रॅमच्या अंड्यांत १ टक्का म्हणजे ७ ग्रॅम, ते स्वच्छ दिसतं. रिकाम्या ट्रेचं वजन आधी करून ठेवा.

---

साखरझोप

पण अंडी वापरत गेले की वजन कमी होणारच.

---

कोंबडनामा

ज्या दिवशी अंडं काढाल त्या दिवशी काढण्याआधी एकदा आणि काढल्यावर एकदा ट्रे काट्यावर ठेवा, दोन्ही आकडे लिहा. पुढची घट दुसऱ्या आकड्यापासून मोजायची आणि टक्का उरलेल्या अंड्यांवर काढायचा. कागदी ट्रे असेल तर तो फ्रीजमधला ओलावा धरतो आणि दोन-चार ग्रॅमनं फसवतो, प्लास्टिकचा घ्या. कवचावर लिहायचं तर शिसपेन्सिलनं. शाईच्या मार्करमधलं द्रावण छिद्रांतून आत जाऊ शकतं.

---

साखरझोप

ट्रे कागदीच आहे. आधी तोच रिकामा करून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवते आणि किती ओलावा धरतो ते बघते.